ईजीएम "झालंय" म्हणतात तरी ड्रॉबॅक येत नाही? आधी नगांचा आकडा बघा

वाळूज एमआयडीसीत एका छोट्या युनिटमध्ये मी एक्स्पोर्टची कागदं बघतो. लोखंडी मशीन्ड पार्ट बनवतो आम्ही. गेल्या वर्षी सहा महिन्यांत आमची अकरा शिपिंग बिलं, म्हणजे कस्टमला द्यायची निर्यातीची कागदं, झाली, त्यातल्या सातांचे पैसे बिनबोभाट आले आणि चार अडकली ती अडकलीच. दर महिन्याला अकाउंटवाले काका विचारायचे, "काय झालं रे त्या ड्रॉबॅकचं," आणि मी दर महिन्याला सीएचएला म्हणजे आमच्या कस्टम एजंटला फोन लावायचो, तो म्हणायचा "ईजीएम झालंय, येईल पंधरा दिवसांत". असे पंधरा दिवस किती गेले ते मोजायचं सोडून दिलं मी. शेवटी कारण सापडलं ते इतकं साधं की सांगायला लाज वाटायली, पण जालन्यातले लातूरचे ओळखीचे लोकपण हेच विचारायलेत म्हणून सगळं लिहून काढतो.

नवीन माणसासाठी आधी थोडक्यात. आपण जो माल बाहेर विकतो त्यात कुठं ना कुठं आयात केलेला कच्चा माल असतो आणि त्यावर कस्टम ड्युटी भरलेली असते, ती परत मिळते त्याला ड्रॉबॅक म्हणायचं, कस्टम कायद्याचं कलम 75. प्रत्येक वेळी ड्युटीच्या पावत्या गोळा करून दाखवायची गरज नसते, सरकारनं मालाच्या प्रकाराप्रमाणे सरासरी काढून एक दरपत्रकच दिलेलं आहे, ऑल इंडस्ट्री रेट म्हणतात त्याला. त्यात एफओबी किमतीवर, म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतच्या किमतीवर, टक्का असतो आणि बऱ्याच मालाला किलोमागे किंवा नगामागे वरची मर्यादा पण असते, म्हणजे कॅप.

हे कॅपचं नीट ध्यानात घ्या, कारण "पैसे आले पण कमी आले" अशी जी तक्रार असते ती निम्म्या वेळा इथंच संपते. समजा एफओबी 24,00,000 रुपये, दर 2 टक्के, कॅप किलोला 6 रुपये, आणि निव्वळ वजन 7,200 किलो (दर आणि कॅप हिशोबापुरते धरलेत, तुमच्या मालाचे तुम्ही दरपत्रकात बघा). टक्क्यानं येतात 48,000 आणि कॅपनं 43,200. जे कमी ते मिळणार, म्हणजे 43,200. इथं कोणी कापलं नाही काही, हिशोबच तसा आहे. आमच्या काकांनी अशाच फरकासाठी एक अख्खं पत्र टाईप करून ठेवलं होतं, कसंबसं थांबवलं.

आता मुख्य दुखणं. ड्रॉबॅकसाठी वेगळा अर्ज नसतो, इलेक्ट्रॉनिक शिपिंग बिल हाच अर्ज. पण ते बिल कस्टमच्या सिस्टीममध्ये ड्रॉबॅकच्या रांगेत लागतं कधी, तर माल खरंच देशाबाहेर गेला हे सिस्टीमला कळल्यावर. ते कळतं शिपिंग लाईनच्या ईजीएमवरून, म्हणजे जहाजात काय काय चढलं त्याची लाईननं कस्टमला दिलेली यादी. ती यादी आणि तुमचं शिपिंग बिल एकमेकांशी जुळलं पाहिजे. आयजीएसटी भरून माल पाठवला असेल तर त्याचा रिफंडपण ह्याच दारातून जातो, रोडटेपचं, म्हणजे निर्यातीवरचे इतर कर परत देणाऱ्या योजनेचं, क्रेडिटपण. त्यामुळं दार बंद झालं की सगळंच बंद. वरचाच माल धरा, टॅक्सेबल व्हॅल्यूपण 24 लाखच धरू, 18 टक्क्यांनी आयजीएसटी 4,32,000 आणि ड्रॉबॅक 43,200, म्हणजे एका बिलामागे 4,75,200. ह्या हिशोबानं आमची चार बिलं म्हणजे 19,00,800 रुपये. आमच्यासारख्या युनिटला हे दोन-तीन महिन्यांच्या पगाराचे पैसे आहेत राव.

कुठं अडकलंय ते ओळखायची माझी पद्धत सांगतो, ती मला कोणी शिकवली नाही, आपटून आपटून कळली. फक्त ड्रॉबॅककडं बघत बसू नका, ड्रॉबॅक आणि आयजीएसटी शेजारी शेजारी ठेवून बघा. ड्रॉबॅक आला पण आयजीएसटी नाही आला, तर ईजीएम ठीक आहे, घोळ बहुतेक जीएसटी रिटर्नमध्ये आहे, जीएसटीआर-1 मधला इन्व्हॉईस नंबर आणि शिपिंग बिलातला जुळत नसेल, कस्टमच्या आईसगेट पोर्टलवर SB005 हा एरर कोड दिसेल. आयजीएसटी आला पण ड्रॉबॅक नाही, तर ईजीएम ठीकच आहे, ड्रॉबॅकच्या रांगेत साहेबांनी क्वेरी टाकलेली असणार. आणि दोन्ही अडकलेत, तर ईजीएम (किंवा बँक खातं, त्यावर खाली लिहितो). आयजीएसटी न भरता एलयूटीवर माल पाठवणाऱ्यांना हा आरसा मिळत नाही, त्यांना शिपिंग बिलाच्या स्टेटसमध्ये ईजीएमची तारीख भरलीय का रिकामी आहे तेवढंच बघता येतं.

आमचं दोन्ही अडकलेलं होतं आणि आयजीएसटीच्या पानावर SB006 दिसत होतं. हा कोड नीट समजून घेतला पाहिजे. SB002 म्हणजे ईजीएमच नाही. SB006 म्हणजे गेटवे ईजीएम नाही, आणि हा कोड आयसीडीवाल्यांच्याच नशिबी येतो. आपला माल आयसीडीत म्हणजे कोरड्या बंदरात कस्टम क्लिअर होतो, निर्यातीची परवानगी म्हणजे एलईओ तिथंच मिळते, मग कंटेनर सील होऊन रस्त्यानं किंवा रेल्वेनं न्हावाशेवाला जातो. म्हणजे दोन नोंदी लागतात, एक आयसीडीतून कंटेनर निघाला त्याची, आणि दुसरी न्हावाशेवाला तो जहाजावर चढला त्याची, ती गेटवे ईजीएम. पहिली झालेली असली की सीएचए बिनधास्त म्हणतो "ईजीएम झालंय", तो खोटं बोलत नाही, पण तो अर्ध्या रस्त्याचं सांगत असतो.

मग मी लाईनच्या फॉरवर्डरला फोन केला. तोपण म्हणाला, "साहेब झालंय, गेटवे पण झालंय." आता दोघंही म्हणतात झालंय आणि सिस्टीम म्हणते नाही. इथं मी दोन महिने वाया घालवले, कारण मी विचारायचो "झालं का" आणि ते म्हणायचे "झालं". विचारायचं असं असतं, की ईजीएमचा नंबर आणि तारीख द्या, आणि त्या यादीत आमच्या शिपिंग बिलाची जी ओळ आहे ती मेलवर पाठवा, त्यात शिपिंग बिल नंबर, कंटेनर नंबर आणि नगांची संख्या दिसली पाहिजे. फोनवर नाही, मेलवरच. ती ओळ हातात आली की पाच मिनिटांचं काम उरतं, शिपिंग बिल शेजारी ठेवा आणि एकेक खाना ताडून बघा.

ओळ येईपर्यंत मी दुसरी एक गोष्ट केली ती जास्त कामाला आली. अकराही बिलं एका कागदावर उतरवली, तारीख, जहाज, सीएचएचा कोणता पोरगा होता, रेल्वे का रोड, गिऱ्हाईक कोण, बंदर कोणतं. आधी मला वाटलं होतं मार्च अखेरच्या गर्दीतली बिलं अडकली असतील, तर नाही. मग वाटलं नवीन पोरानं भरलेली असतील, तेही नाही. शेवटच्या रकान्यात उत्तर होतं, अडकलेली चारही बिलं हॅम्बर्गची. सुटलेली सातही दुबईची. आता हॅम्बर्गच्या बिलाला ईजीएमचं काय वावडं? माल तोच, खोकी तीच, कंटेनर वीस फुटीच.

फरक एवढाच की दुबईवाला खोकी सुटी घेतो आणि जर्मन गिऱ्हाईकाला पॅलेटवर लागतात. 480 खोकी, चोवीस-चोवीसची थप्पी लावून स्ट्रेच फिल्म गुंडाळून 20 पॅलेट. आमच्या शिपिंग बिलात एकूण नग 480, प्रकार कार्टन. लाईनला जी शिपिंग इन्स्ट्रक्शन गेली त्यात 20 पॅलेट, म्हणून बीएलवर, म्हणजे लाईन देते त्या मालाच्या पावतीवर 20, म्हणून ईजीएममध्ये 20. लाईनकडून ओळ आली तेव्हा तीत तोच आकडा होता, 20. सिस्टीमला काय माहीत की चोवीस विसाचे चारशे ऐंशी होतात, तिला 480 नग गेले पाहिजे होते आणि 20 गेलेले दिसले, बसली अडून.

आणि ही चूक कोणाची म्हणाल तर आमचीच. शिपिंग बिलाचा डेटा मी पाठवायचो आणि शिपिंग इन्स्ट्रक्शन डिस्पॅचचे मामा पाठवायचे, मामा लोडिंगच्या वेळी फोर्कलिफ्टनं चढलेले नग मोजणार, मी पॅकिंग लिस्टवरून खोकी मोजणार, दोघंही आपापल्या जागी बरोबर. मामांना सांगितलं तर म्हणाले, "मी तर पहिल्यापासून पॅलेटच लिहायलो, तू काऊन खोकी लिहितो?" ह्याला उत्तर नव्हतं माझ्याकडं.

आता दुरुस्ती. दोनच रस्ते आहेत. एक, लाईनला सांगून ईजीएम दुरुस्त करायचं. दोन, शिपिंग बिल दुरुस्त करायचं. लोक पहिल्यामागं पळतात कारण आपल्याला कस्टममध्ये जावं लागत नाही, पण थांबा, बीएलवर काय आहे ते बघा आधी. बीएल गिऱ्हाईकाकडं, बँकेत जाऊन आलेलं असतं, त्यावर 20 पॅलेट छापलंय आणि ईजीएममध्ये 480 करून घेतलं तर आज हे जुळेल आणि पुढं कोणीतरी ते दोन कागद शेजारी ठेवून विचारेल. जी गोष्ट खरी घडली तीच सगळीकडं असावी. सगळ्यात बाहेरचं पॅकिंग पॅलेटचं होतं, म्हणजे चूक शिपिंग बिलात होती, म्हणून आम्ही शिपिंग बिल दुरुस्त करायचं ठरवलं. उलट कंटेनर नंबरात लाईनकडून आकडा चुकला असता तर ईजीएम दुरुस्तच करून घेतलं असतं, ते लाईननं न्हावाशेवाला करायचं असतं.

माल गेल्यावर शिपिंग बिल बदलायला कलम 149 आहे. त्यातली अट एकच पण ती पक्की आहे, माल निर्यात झाला त्या वेळी जे कागद अस्तित्वात होते त्यांच्या पुराव्यावरच दुरुस्ती मिळते. आज नवीन पॅकिंग लिस्ट बनवून जोडली तर ती चालणार नाही, आणि लोक नेमकं तेच करतात. आमचं नशीब असं की माझ्याच जुन्या पॅकिंग लिस्टवर खाली एक ओळ होती, "480 कार्टन, 20 पॅलेटवर", आणि ती पॅकिंग लिस्ट शिपिंग बिल फाईल करतानाच कस्टमला कागदं द्यायच्या ई-संचितवर चढवलेली होती. म्हणजे दोन्ही आकड्यांचा दुवा त्याच दिवशीच्या कागदावर. नुसती "480 कार्टन" लिहिलेली असती तर बीएलवरच भिस्त होती.

अर्ज कुठं द्यायचा ह्यातपण गोंधळ होतो. SB006 मध्ये गेटवे शब्द आहे म्हणून आमचा सीएचए न्हावाशेवाला माणूस पाठवायला निघाला होता, साडेतीनशे किलोमीटर. पण शिपिंग बिल जिथं फाईल झालं तिथलंच कस्टम ते दुरुस्त करणार, म्हणजे आयसीडीतले असिस्टंट किंवा डेप्युटी कमिशनर. एका पानाचं पत्र, कोणत्या खान्यात काय आहे आणि काय पाहिजे ते सरळ दोन रकान्यांत, सोबत शिपिंग बिल, इन्व्हॉईस, पॅकिंग लिस्ट, बीएल आणि लाईनची ईजीएमची ओळ, आणि ठरलेली दुरुस्ती फी. चार बिलांना चार वेगळी पत्रं दिली, एकत्र दिलं की एकात काही निघालं तर चारही थांबतात. साहेबांनी एकच प्रश्न विचारला, किंमत किंवा वजन बदलतंय का. नाही, फक्त नगांची संख्या आणि प्रकार. वजन 7,200 किलो ते 7,200 किलोच, त्यामुळं ड्रॉबॅकच्या हिशोबात एक रुपयाचा फरक नाही. तीन आठवड्यांत सिस्टीममध्ये बदल झाला, त्यानंतर ईजीएम जुळलं आणि बिलं आपोआप पुढं सरकली.

पुढच्यासाठी आम्ही काय केलं तर लोडिंगच्या आदल्या दिवशी एकच कागद निघतो, त्यावर नगांचा एकच आकडा आणि एकच प्रकार, शिपिंग बिलाला तोच जातो आणि लाईनलापण तोच. पॅलेट असेल तर नग 20 पॅलेट आणि आत 480 कार्टन हे वर्णनात, मार्क्समध्ये. मामा आणि मी दोघं सही करतो. सुरवातीला मामांना ते पोरखेळ वाटायचं.

ही सगळी कथा नगांची झाली, पण दोन्ही पैसे अडकण्याची दुसरी कारणं पण ह्याच ओळीवरून कळतात. कंटेनर नंबर चार अक्षरं सात आकडे, त्यात एक आकडा इकडचा तिकडं झाला की संपलं. शेवटचा आकडा चेक डिजिट असतो, तो आधीच्या दहांवरून गणित करून येतो, त्यामुळं नंबर चुकीचा टाईप झालाय का हे नेटवरच्या कोणत्याही कॅल्क्युलेटरवर तपासता येतं. आणि पावसाळ्यात बंदरावर गर्दी झाली की आपला कंटेनर ठरलेल्या जहाजावर चढतच नाही, पुढच्यावर जातो, तेव्हा लाईन जुन्या जहाजाचा ईजीएम नंबर देते आणि त्यात आपली ओळच नसते. म्हणून म्हणतो नुसता नंबर घेऊ नका, ओळ मागा.

बँक खात्याचं वर म्हणालो होतो. 5 जून 2024 पासून ड्रॉबॅकचे पैसे पीएफएमएस ह्या सरकारी पेमेंट सिस्टीममधून थेट खात्यात येतात, त्याआधी ते त्या त्या ठिकाणच्या कस्टमच्या बँकेकडून यायचे. खातं पीएफएमएसला पास व्हावं लागतं. ह्याची खूण वेगळी असते, ईजीएम जुळलेलं, स्क्रोल म्हणजे पैसे द्यायची यादी निघालेली, स्क्रोल नंबरपण दिसतो, पण खात्यात शून्य. जालन्याच्या एका मित्राचं असंच झालं होतं, त्याची बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली, आयएफएससी बदलला, त्याच्या चेकबुकवर नवीन आला पण आईसगेटवर जुनाच राहिला. स्क्रोल निघाल्यावर कस्टममध्ये खेटे घालण्यात अर्थ नाही, आईसगेटच्या लॉगिनमधून इन्सेंटिव्हचं खातं बघा, त्यावरचं नाव आयात-निर्यात कोडवरच्या म्हणजे आयईसीवरच्या नावाशी जुळतंय का तेपण बघा, प्रायव्हेट लिमिटेड आणि प्रा. लि. एवढ्या फरकानंसुद्धा गाडी अडते.

आमच्या चार बिलांपैकी तीन बिलांचा आयजीएसटी आणि ड्रॉबॅक दोन्ही आले, चौथ्याचा आयजीएसटी आला पण ड्रॉबॅक अडकलेलाच. आता वरचा आरसा वापरला, एक आलं एक नाही, म्हणजे क्वेरी. आईसगेटवर बघितलं तर खरंच क्वेरी होती, मालाचं वर्णन आणि ड्रॉबॅकचा अनुक्रमांक जुळतो का ते कॅटलॉगसकट सांगा, आणि टाकून बरेच दिवस झालेले. आमच्यापर्यंत आली का नाही, तर आयईसीला जोडलेला मेल आयडी आमच्याकडं पूर्वी काम करणाऱ्या मुलाचा होता, तो दीड वर्षापूर्वी पुण्याला गेला. त्याला फोन केला तर म्हणाला, "भाऊ, कस्टमचे मेल येतात मला, मला वाटलं स्पॅम असतील." कॅटलॉगचं पान, ड्रॉइंग आणि दोन ओळींचं उत्तर चढवलं आणि पुढच्याच्या पुढच्या आठवड्यात पैसे जमा झाले, कॅपचेच.